गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या एसटीत मला लहानपणी हमखास गाडी लागायची. आई हातात लिंबू द्यायची, खिडकीशी बसवायची, तरी पेरमिलीच्या अलीकडेच पोट ढवळायला लागायचं. एकदा गाडी गच्च भरली होती म्हणून मला पुढे, चालकाच्या डाव्या अंगाला बसवलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. रस्ता तोच, वळणं तीच, खड्डेही तेच होते. फरक एवढाच की प्रत्येक वळण मला आधी दिसत होतं आणि स्टिअरिंगवरचे चालकाचे हातही दिसत होते. चालकाला तर सहसा गाडी लागत नाही, कारण वळण सुरू होतं तेच त्याच्या हातातून.

गेली काही वर्षं मी चंद्रपुरात बसून एक द्विमितीय प्लॅटफॉर्मर खेळ बनवतो आहे. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जंगलात गेलेली एक मुलगी सत्तर-सत्तर पानांचे पुडे गोळा करत, उड्या मारत, ओढे-नाले ओलांडत घरी परतते, एवढीच त्याची गोष्ट. त्याचा पहिला खर्डा मी या धंद्यात बरीच वर्षं घालवलेल्या एका ज्येष्ठ सरांना दाखवला. त्यांनी दहा मिनिटं खेळून निकाल दिला : “स्क्रीन हलली की डोकं हलतं. तो शेक आधी काढून टाक. आणि कॅमेरा लोण्यासारखा मऊ कर, मऊ कॅमेऱ्याने कुणालाच त्रास होत नाही.” हा सल्ला त्यांचा एकट्याचा नाही. खेळ बनवायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो कुणी ना कुणी देतोच. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि त्यांच्या एका मुद्द्याशी मी सहमतही आहे, तो पुढे येईलच. पण हा सल्ला मुळात उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. प्लॅटफॉर्मरमध्ये खेळणाऱ्याला गरगरतं ते बहुतेक वेळा स्क्रीन शेकमुळे नाही, तर चुकीच्या जागी वापरलेल्या मऊपणामुळे. हे मी नुसतं मत म्हणून सांगत नाही. मी तो सल्ला अमलात आणला आणि त्याचे आकडे माझ्यापुढे आहेत.

आधी आकडे कशाचे ते सांगतो. माझ्या खेळाची चौकट 480 पिक्सेल रुंद आणि 270 उंच आहे. जमिनीची एक टाइल 16 पिक्सेलची, म्हणजे पडद्यावर आडव्या 30 टाइल्स मावतात. मुलगी पूर्ण वेगात सेकंदाला 160 पिक्सेल, म्हणजे 10 टाइल्स धावते. कॅमेरा तिच्यामागे जातो तो नेहमीच्या स्मूदिंगने : कॅमेरा आणि त्याचं लक्ष्य यांच्यात जेवढं अंतर असेल, त्याचा ठरावीक हिस्सा दर फ्रेमला कापायचा. हा हिस्सा किती, ते एका आकड्यावर ठरतं. गोडो इंजिनमध्ये त्याला `position_smoothing_speed` म्हणतात आणि तो मुळात 5 असतो. मीही 5 च ठेवला होता. सल्ल्याप्रमाणे तो 2 वर आणला. कॅमेरा खरोखर लोण्यासारखा झाला आणि मीही दोन दिवस खूश होतो.

आता या लोण्याचा हिशेब करू. अशा स्मूदिंगमध्ये धावणाऱ्या पात्राच्या मागे कॅमेरा कायम काही अंतर राहतो, आणि ते अंतर म्हणजे पात्राचा वेग भागिले तो आकडा. आकडा 5 असताना 160 भागिले 5, म्हणजे 32 पिक्सेल. आकडा 2 केला की 80 पिक्सेल. कॅमेरा 80 पिक्सेल मागे राहिला, म्हणजे मुलगी पडद्याच्या मधोमध न राहता धावण्याच्या दिशेने 80 पिक्सेल पुढे सरकली. तिच्यापुढे उरले 160 पिक्सेल, म्हणजे बरोबर एक सेकंदाचा रस्ता. कॅमेरा तिला घट्ट बांधला असता तर दीड सेकंदाचा रस्ता दिसला असता. ज्याला आपण आरामदायक म्हणतो त्या मऊपणाने खेळणाऱ्याच्या हातातला एक तृतीयांश वेळ काढून घेतला. वळण दिसण्याआधी वळणात शिरणारा प्रवासी तो हाच.

यावर ठरलेला उपाय असतो लुक-अहेड. पात्र ज्या बाजूला तोंड करून आहे, त्या बाजूला कॅमेऱ्याचं लक्ष्य थोडं पुढे ठेवायचं. माझं लुक-अहेड 48 पिक्सेल होतं, वरच्या हिशेबात ते धरलेलं नव्हतं. मऊ कॅमेऱ्याने पुढचा रस्ता खाल्ला म्हणून मी ते 80 केलं. धावताना हिशेब जुळला : 80 पुढे, 80 मागे, मुलगी बरोबर मध्यभागी. म्हणजे दोन्ही उपायांनी एकमेकांना खाऊन टाकलं, आणि सरळ धावताना खेळ असा दिसू लागला जणू स्मूदिंगही नाही आणि लुक-अहेडही नाही. मग या दोघांचा परिणाम कुठे उरला? मुलगी थांबते तिथे आणि ती वळते तिथे. म्हणजे नेमका ज्या जागी तो नको, तिथेच.

हे मला माझ्या भाच्याने दाखवून दिलं. तो नऊ वर्षांचा आहे आणि तासन्‌तास खेळू शकतो. पण या आवृत्तीशी दहाएक मिनिटं झगडून त्याने की-बोर्ड सरकवला. म्हणाला, “मामा, मी थांबतो ना, पन झाडं थांबतच नाही.” मी त्याला म्हटलं, “शेक तर मी काढून टाकला ना रे.” तो म्हणाला, “शेक नाही जी. हे झाडं.”

त्याचं वाक्य मी तपासलं. दर फ्रेमला मुलीची आणि कॅमेऱ्याची आडवी जागा एका फाइलमध्ये लिहून काढली आणि दोन्हींचा आलेख एकाखाली एक ठेवला. मुलगी थांबते त्या क्षणी तिची रेघ सपाट होते. कॅमेऱ्याची रेघ मात्र पुढे चढतच राहते : लक्ष्य अजून 80 पिक्सेल पुढे आहे, म्हणून कॅमेरा सेकंदाला 160 च्या वेगाने निघतो आणि हळूहळू मंदावतो. हे अंतर पंचाण्णव टक्के भरून यायला दीड सेकंद लागतो. हात सुटला, पाय थांबले, आणि दीड सेकंद जग सरकतंच आहे. शरीराला याचा अर्थ लागत नाही.

वळण्याची गत याहून वाईट. एका टप्प्यात मुलगी पर्लकोटा नदीच्या पुरात पुलाच्या कडेला उभी असते आणि वाहत येणाऱ्या ओंडक्यावर उडी मारायची असते. खेळणारा काय करतो? एक पाऊल मागे घेतो, परत एक पाऊल पुढे, जागा साधतो, ओंडक्याची वाट बघतो. आता हिशेब बघा. मुलगी उजवीकडे तोंड करून उभी आहे, कॅमेरा तिच्या 80 पिक्सेल पुढे स्थिरावला आहे. तिने डावीकडे एक टाइल पाऊल टाकलं. लक्ष्य झटक्यात तिच्या डावीकडे 80 पिक्सेलवर गेलं. 80 अधिक 80 अधिक पावलाचे 16, असं 176 पिक्सेलचं अंतर कॅमेऱ्याला कापायचं आहे. मुलगी एक टाइल हलली आणि तिच्याभोवतीचं जंगल अकरा टाइल्स हललं, पडद्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. दोन-अडीच सेकंदांनी तिने परत पुढे पाऊल टाकलं की जंगल तेवढंच उलट दिशेला. म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक झोका, आणि ओंडका येईपर्यंत असे झोके चालूच.

हा पाच सेकंदांचा आकडा नीट लक्षात घ्यावा, कारण या वादाची गाठ तिथेच आहे. जहाजावर माणसाला कोणत्या हेलकाव्याने सर्वांत जास्त मळमळतं, यावर 1970 च्या दशकात प्रयोग झाले आहेत. वर-खाली होणाऱ्या हालचालीत सर्वांत वाईट ठरतो तो साधारण पाच सेकंदांत एक फेरा पुरा करणारा संथ हेलकावा. हालचाल त्याहून बरीच जलद केली, तर माणूस हैराण होतो, हाडं खिळखिळी होतात, पण ओकारी येत नाही. बैलगाडीत पाठ दुखते, पण बैलगाडी लागत नाही. हा आकडा शरीराच्या प्रत्यक्ष हालचालीचा आहे, डोळ्यांपुढे हलणाऱ्या चित्राला तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण दिशा तीच राहते : चित्राच्या बाबतीतही त्रास देतो तो संथ झोका, क्षणिक थरथर नव्हे.

कारणही समजण्यासारखं आहे. बल्लारशाह स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची सुटते, आणि क्षणभर वाटतं की आपणच निघालो. डोळ्यांपुढे बराच भाग एकाच दिशेने सलग सरकत राहिला की मेंदू त्याचा अर्थ स्वतःची हालचाल असा लावतो. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र सांगत असते की आपण बसलेलेच आहोत. रीझन आणि ब्रँड यांनी 1975 साली मांडलेली उपपत्ती सांगते की गाडी लागते ती या विसंवादातून, आणि विशेषतः शरीराने जे अपेक्षिलं होतं तसं न घडल्याने. हा भास पक्का व्हायला एका दिशेचा प्रवाह काही काळ टिकावा लागतो. तीन दशांश सेकंदांचा, क्षणात इकडे क्षणात तिकडे असा शेक कुठल्याच दिशेला टिकत नाही. सेकंद-दीड सेकंद एकाच दिशेने ओघळणारा मऊ कॅमेरा मात्र हा भास बांधायला अगदी सोयीचा. सरांनी शेक पाहिला, कारण तो डोळ्यांत भरतो. ओघळणं त्यांना दिसलं नाही, कारण ते सुंदर दिसतं.

माझ्या जंगलाने यात आणखी भर घातली होती, आणि ही चूक सर्वस्वी माझी. ताडोबा पाहिलेल्याला सांगायला नको की आमचं जंगल म्हणजे सागवान आणि बांबू. मी पडद्याच्या अगदी पुढच्या थरात काळपट बांबूची बेटं लावली होती : 24 पिक्सेल रुंद दांडा, 24 पिक्सेल फट, पुन्हा दांडा. पुढचा थर म्हणून तो मुलीच्या दीडपट वेगाने सरकायचा, सेकंदाला 240 पिक्सेल. म्हणजे डोळ्यांपुढून सेकंदाला पाच उभे काळे पट्टे जात होते. मळमळीचा अभ्यास करणारे लोक प्रयोगशाळेत माणसाला एका फिरत्या पिंपात बसवतात. त्या पिंपाच्या आत काय रंगवलेलं असतं? उभे काळे-पांढरे पट्टे. डोळा एका पट्ट्यामागे जातो, झटक्याने परततो, दुसरा पकडतो, आणि थोड्याच वेळात माणसाला वाटतं की पिंप स्थिर आहे आणि आपणच फिरतो आहोत. मी बांबूवनाच्या नावाखाली तेच पिंप बांधलं होतं. त्यात कॅमेरा झोके घेत असेल तर दुसरं काय होणार!

एका शाळेत हा खेळ प्रोजेक्टरवर दाखवला तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. पडदा अंदाजे 240 सेंटिमीटर रुंद. दोन मीटरवर बसलेल्या पहिल्या बाकावरच्या पोरांच्या नजरेचा बासष्ट अंशांचा पट्टा तो व्यापत होता. सात मीटरवरच्या शेवटच्या बाकाला तोच पडदा वीस अंशांतही मावत होता. पुढच्या पोरांनी डोळे चोळायला सुरुवात केली, मागची मजेत होती. आणि ज्याच्या हातात कंट्रोलर होता तो पहिल्या बाकावर असूनही शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी बरा होता. तो चालक होता, बाकीचे प्रवासी. चालकाला गाडी कमी लागते हे एसटीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. कॅमेरा लिहिणाऱ्याने त्यातून काढायचा अर्थ असा : कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल खेळणाऱ्याच्या हातातून निघाली पाहिजे, हात थांबला की ती लगेच संपली पाहिजे, आणि हात जेवढा हलला त्या मानाने ती असली पाहिजे. माझा मऊ कॅमेरा या तिन्ही बाबतींत नापास होता.

म्हणून मी लुक-अहेड मुळातून बदललं. मुलीचं तोंड कुठे आहे, हे आता कॅमेरा विचारतच नाही. ती किती पिक्सेल चालली एवढंच तो मोजतो, आणि चाललेल्या प्रत्येक पिक्सेलमागे लुक-अहेड 0.6 पिक्सेलने त्या दिशेला सरकतं. दोन्ही बाजूंना मर्यादा 48 पिक्सेलची.

```
ahead = clamp(ahead + 0.6 * player_dx, -48.0, 48.0)
var t = 1.0 - exp(-8.0 * delta)
cam_x = lerp(cam_x, player_x + ahead, t)
```

पुलाच्या कडेवर आता काय होतं? मुलीने एक टाइल मागे पाऊल टाकलं, लुक-अहेड 9.6 पिक्सेल सरकलं, कॅमेरा एकूण 25.6 पिक्सेल हलला. अकरा टाइल्सच्या जागी दीडपेक्षा थोडी जास्त. ती पुढे आली की तेवढंच परत. ती थांबली की लुक-अहेडही जागच्या जागी गोठतं, अर्धवट असलं तरी. पूर्ण बाजू पालटायला तिला 160 पिक्सेल, म्हणजे दहा टाइल्स धावावं लागतं. एवढं धावल्यावर खेळणाऱ्याने खरोखर दिशा बदलली आहे याबद्दल शंका उरत नाही. ही कल्पना माझ्या डोक्यातून उगवलेली नाही. 1990 च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चा कॅमेराही मारिओने नुसतं तोंड फिरवल्याने बाजू बदलत नाही, तो नव्या दिशेने काही अंतर गेल्यावरच बदलतो. इताय केरेन यांनी 2015 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अशा जुन्या खेळांचे कॅमेरे एकेक करून उलगडून दाखवले आहेत. आपल्याकडे कॅमेऱ्यावर बोलणाऱ्याने ते एकदा तरी पाहावं.

स्मूदिंगचा आकडा मी 2 वरून 8 वर नेला. मागे राहण्याचं अंतर 20 पिक्सेल झालं, थांबल्यावर ओघळणं चार दशांश सेकंदांच्या आत संपू लागलं. 48 उणे 20, म्हणजे धावताना कॅमेरा मुलीच्या 28 पिक्सेल पुढे, आणि समोरचा रस्ता जवळजवळ 1.7 सेकंदांचा. कॅमेरा कमी मऊ झाला आणि रस्ता जास्त दिसू लागला. स्मूदिंग पूर्ण काढून का टाकलं नाही, असं कुणी विचारेल. कारण मुलगी थांबताना आणि सुटताना वेग एकदम बदलतो, आणि तो धक्का बोथट करायला थोडं स्मूदिंग लागतंच. स्मूदिंगचं काम तेवढंच आहे. चुकीच्या जागी ठेवलेलं लक्ष्य झाकणं हे त्याचं काम नाही.

त्या `exp` असलेल्या ओळीबद्दलही बोललं पाहिजे, कारण “माझ्या मशीनवर तर मस्त चालतं” या वाक्याचं मूळ तिथे आहे. पुष्कळ जण सरळ `lerp(cam_x, target, 0.1)` लिहितात, म्हणजे दर फ्रेमला दहावा हिस्सा. सेकंदाला 60 फ्रेम चालणाऱ्या लॅपटॉपवर कॅमेरा 24 पिक्सेल मागे राहतो. तोच खेळ जुन्या मशीनवर 30 फ्रेमने चालला की 48 पिक्सेल. आपण 24 चा खेळ पारखला आणि मुलाच्या हातात 48 चा दिला. त्याहून त्रासाचं म्हणजे मशीन जेव्हा 60 आणि 30 च्या मध्ये हेलकावत असतं. तेव्हा हे अंतरही सतत बदलत राहतं, आणि सारख्या वेगाने धावणारी मुलगी पडद्यावर पुढे-मागे तरंगते. `1.0 - exp(-8.0 * delta)` मुळे कापायचा हिस्सा फ्रेमच्या संख्येवर न ठरता गेलेल्या वेळेवर ठरतो. गोडोचं तयार स्मूदिंगही वेळेशी गुणतं, पण हा घातांक वापरत नाही, म्हणून फ्रेम फार पडल्या की तेही थोडं घसरतं. तपासायला सोपं आहे : खेळ मुद्दाम 30 फ्रेमवर बांधून चालवा आणि धावताना मुलगी पडद्यावर कुठे राहते ते बघा. जागा लक्षात येण्याइतकी बदलली तर ओळ चुकली.

उभ्या हालचालीचं थोडक्यात सांगतो. उडीमागे कॅमेरा वर-खाली नेऊ नये. मुलगी साडेतीन टाइल्स उडते आणि पाऊण सेकंदाच्या आत परत जमिनीवर असते, एवढ्यासाठी अख्ख्या जगाला उचलून आपटायचं कारण नाही. ती नव्या उंचीवर टेकली की मगच कॅमेरा त्या उंचीकडे जावा. पडताना मात्र तो सोबत जायला हवा, नाहीतर खाली काय आहे ते न दिसता ती मरते.

आता शेककडे येतो. सरांनी आरोपी ठरवला तो हा. 2013 साली व्लांबीयरच्या यान विलेम नायमन यांनी स्क्रीन शेकवर गाजलेलं भाषण दिलं आणि त्यानंतर जो तो स्क्रीन हलवू लागला, हे खरं आहे. पण शेकमुळे गरगरतं असं ज्या खेळांत दिसतं, तिथे मी आधी एक गोष्ट तपासतो : शेक स्मूदिंगच्या आधी घातला आहे की नंतर. बहुतेक वेळा तो कॅमेऱ्याच्या लक्ष्यातच मिसळलेला असतो. माझ्या पहिल्या खर्ड्यातही तसंच होतं. मग काय होतं? स्मूदिंग ही गाळणी आहे, जलद हालचाल ती अडवते आणि संथ हालचाल जाऊ देते. आकडा 5 असताना सेकंदाला वीस वेळा होणारी थरथर त्यातून जेमतेम चार टक्के पार होते. सहा पिक्सेलचा शेक पाव पिक्सेल होऊन बाहेर येतो, म्हणजे दिसतच नाही. बनवणारा म्हणतो, शेक कमी पडतोय. तो सहाचे साठ करतो, साठचे शंभर. थरथर तरीही गाळली जाते, आणि तिच्यातला जो संथ भाग आहे तो शंभराच्या मापाने बाहेर पडतो. पडद्यावर उरतो तो हेलकावा. झाड पडल्यावर जमीन हादरायला हवी, तिथे बोट डुलते. सरांना माझ्या खर्ड्यात जे जाणवलं ते हेच असणार. त्यांची तक्रार खरी होती. त्यांनी ज्याला दोषी धरलं ते चूक होतं, आणि सुचवलेल्या औषधाने, म्हणजे आणखी मऊपणाने, नेमका आजारच वाढला.

शेक स्मूदिंगनंतर, अगदी शेवटी, वेगळा जोडावा. गोडोत त्यासाठी कॅमेऱ्याचा `offset` आहे. स्मूदिंग त्याला हात लावत नाही. मोजमापासाठी मी स्क्विरल आयझरलो यांनी 2016 मध्ये सांगितलेली रीत वापरतो. प्रत्येक धक्क्याने एका साठ्यात भर पडते, साठा शून्य ते एकच्या मध्ये राहतो आणि वेळेनुसार आटतो. हलवायचं किती, ते त्या साठ्याच्या वर्गावर ठरतं. माझं कमाल माप 12 पिक्सेल आहे. मुलगी उंचावरून टेकली की साठ्यात 0.3 पडतात. त्याचा वर्ग 0.09, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. ऐनाचं मोठं झाड कोसळलं की 0.7, म्हणजे सहाच्या आसपास. साठा सेकंदाला 2 ने आटतो, त्यामुळे झाडाचा हादरा 0.35 सेकंदात शून्यावर येतो, आणि वर्गामुळे त्यातला बराचसा त्याच्याही आधी विरतो. दोन्ही एकदम झाले तरी 12 च्या वर जात नाही. तिरकं फिरवणं मी शून्य ठेवलं आहे, क्षितिज कलंडायला नको म्हणून. आणि शेक फक्त खेळणाऱ्याला कारण दिसतं तिथेच. पडद्याबाहेर काही पडलं तर आवाज पुरतो.

बांबूचा पुढचा थर मी पडद्याच्या तळाशी आणि कोपऱ्यांत आणला, मधली नजरेची जागा मोकळी केली. मागचे बांबू धुक्यात फिके केले आणि त्यांची सारखी अंतरं मोडली. सर्वांत मागे एक डोंगररांग ठेवली, ती मुलीच्या एक पंचमांश वेगानेच सरकते. खिडकीतून लांब बघ, असं आई सांगायची ते याचसाठी.

सरांशी सहमत आहे तो मुद्दा हा : शेक बंद करायची सोय असलीच पाहिजे. काहींची तोल सांभाळणारी यंत्रणा इतकी नाजूक असते की एक पिक्सेलही नको वाटतो, आणि त्यांना समजावत बसायचा आपल्याला अधिकार नाही. 2018 च्या ‘सेलेस्ट’ने ही सोय सेटिंगमध्ये दिली होती. मी ती खेळ सुरू होण्याआधीच, भाषा निवडण्याच्या पानावर ठेवली आहे, कारण मळमळ सुरू झाल्यावर मेनू शोधत फिरायची ताकद माणसात नसते. पण मी तिथे आणखी दोन पट्ट्या ठेवल्या आहेत, आणि सरांना माझी विनंती आहे की त्यांनी त्याही ठेवाव्यात : लुक-अहेड शून्यापर्यंत नेण्याची, आणि पुढचा थर पूर्ण बंद करण्याची. नुसता शेकचा खटका देऊन जबाबदारी संपली असं मानणाऱ्या खेळांत लोक खटका बंद करतात, तरी त्यांना गरगरतं, आणि मग ते समजतात की आपल्याला खेळच सोसत नाहीत.

चाचणी घेताना एक गोष्ट मी आता सोडत नाही. खेळणाऱ्याच्या शेजारी एकाला नुसतं बघायला बसवतो, पंधरा मिनिटं. खेळणाऱ्याच्या आधी त्रास त्यालाच होतो, म्हणून दोष आधी त्याच्याकडून कळतो. “गरगरतं का?” असं विचारत नाही, कारण विचारलं की गरगरायला लागतं. दर पाच मिनिटांनी फक्त “अजून बघतोस का?” एवढंच विचारतो, आणि नाही म्हटलं की त्याच क्षणी थांबवतो.

परवा भाच्याने पुलाचा टप्पा नव्या कॅमेऱ्यावर पार केला. शेक पूर्ण चालू होता, झाडं धडाधड पडत होती. शेजारी त्याची धाकटी बहीण बसली होती, तिला एसटीत माझ्यासारखीच गाडी लागते. पंधरा मिनिटांनी मी तिला विचारलं, अजून बघतेस का. ती म्हणाली, “बघायचं नाही मामा, आता मला द्या ना जी.”